मधमाशी, माशी आणि भिंगरी

इंग्रजी भाषेतील काही उपमा जुन्या नाण्यांसारख्या आहेत. शतकानुशतके हातोहात फिरून त्यांच्यावरील छाप पुसट झाली आहे. तरीही व्यवहारात त्यांचे मोल कायम आहे. ‘ॲज बिझी ॲज अ बी’ म्हणणाऱ्या इंग्रज माणसाच्या डोळ्यांसमोर बहुधा मधमाशी येत नाही. ‘फार कामात आहे’ एवढेच त्याला सांगायचे असते. मराठी अनुवादकाची अडचण येथेच सुरू होते. त्याच्या हाती नाणे पडते, ते तो निरखून पाहतो, त्यावरील पुसट मधमाशी त्याला स्पष्ट दिसते आणि तो ती जशीच्या तशी मराठीत आणून ठेवतो. मूळ वाचकाला जे दिसतही नव्हते, ते मराठी वाचकाला डोळ्यांत खुपू लागते.

मधमाशीची ही उपमा इंग्रजीत फार जुनी आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’मध्ये ती वापरली; पण तेथे ती स्तुतीची नाही. पुरुषांना फसविण्याच्या उद्योगात स्त्रिया मधमाश्यांसारख्या गुंतलेल्या असतात, अशी एका पात्राची तक्रार आहे. पुढे 1715 साली आयझॅक वॉट्स या धर्मोपदेशकाने मुलांसाठी नीतिपर गीते प्रसिद्ध केली. त्यांतील आळसाविरुद्धच्या गीतात दिवसाचा क्षणही वाया न घालविणारी मधमाशी मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवली आहे. ते गीत घरोघर इतके पाठ झाले, की दीडशे वर्षांनी, 1865 मध्ये, लुइस कॅरलने ‘ॲलिस’च्या गोष्टीत त्याचे विडंबन करून मधमाशीच्या जागी मगर बसविली, तेव्हा वाचकांना तो विनोद समजावून सांगावा लागला नाही. इंग्रजी मधमाशीच्या पाठीशी असा इतिहास आहे. ती उद्योगी आहे, आनंदी आहे आणि तिचे काम सत्कारणी लागते. उपमेतील शब्द चार-पाचच असले, तरी ही कौतुकाची छटा त्यांच्याबरोबर येते.

मराठीतील मधमाशीचा इतिहास निराळा आहे. पहिली गोष्ट म्हणजे तिच्या नावातच ‘माशी’ आहे; आणि ‘माश्या मारीत बसणे’ म्हणजे काहीही काम नसणे. इंग्रजीत ‘बी’ आणि ‘फ्लाय’ यांचा शब्दाने काही संबंध नाही. मराठीत मात्र उद्योगाच्या प्रतिमेतूनच रिकामटेकडेपणाचा सूर निघू शकतो. दुसरी गोष्ट, मराठी बोलीत मधमाश्या येतात त्या बहुधा मोहोळाच्या रूपाने. मोहोळ उठते, माणसे त्याखाली सापडतात, आग्या मोहोळाच्या नुसत्या नावाने अंगावर काटा येतो. म्हणजे गुण आठवतो तो डसण्याचा.

तिसरी गोष्ट आपल्या परंपरेच्या जवळची आहे. मधुकराची उपमा भारतीय भाषांना अपरिचित नाही. मात्र तिच्यात निवडलेला गुण उद्योगाचा नाही. ‘दशवैकालिक सूत्रा’चे पहिले अध्ययन ‘द्रुमपुष्पिका’. त्यात भ्रमर फुलाला न दुखविता थोडा थोडा रस घेतो, त्याप्रमाणे साधूने गृहस्थाला भार न होता आहार घ्यावा, असा दृष्टान्त आहे. मराठीतील ‘माधुकरी’ हा शब्दही याच निरीक्षणातून आला. घराघरांतून थोडे थोडे अन्न मागून शिकणारे विद्यार्थी माधुकरी मागत. ‘गोचरी’ या शब्दात गाईचे चरणे आहे, तेच तत्त्व माधुकरीत भ्रमराच्या रूपाने आहे. प्राणी जवळपास तोच. पण इंग्रजाने त्याची धावपळ पाहिली आणि आपल्याकडे त्याचे अल्प आणि अहिंसक ग्रहण पाहिले गेले. उपमानाचा शब्द शब्दकोशात सापडतो. त्यातून कोणता गुण उचलायचा, हे मात्र ती भाषा बोलणारा समाज ठरवितो.

या भेदाचा परिणाम प्रत्यक्ष अनुवादात कसा होतो, हे एका लहानशा उताऱ्यावरून पाहता येईल. मुलांच्या एका इंग्रजी गोष्टीत रविवारी सकाळी घरी पाहुणे यायचे आहेत, अशी कल्पना करू. आजी सकाळपासून ‘ॲज बिझी ॲज अ बी’ आहे. टेबलावरचे कापड ‘ॲज व्हाइट ॲज स्नो’ आहे. आजोबा ‘ॲज डेफ ॲज अ पोस्ट’ असल्यामुळे त्यांना दारावरची घंटा ऐकू येत नाही. भट्टीतला केक करपतो, तेव्हा तो सांभाळायला ठेवलेल्या नातवाचा चेहरा ‘ॲज व्हाइट ॲज अ शीट’ होतो. आजी मात्र ‘ॲज कूल ॲज अ क्युकंबर’ राहते आणि वरचा भाग खरवडून काढू, म्हणते. पाच वाक्ये आणि पाच उपमा. इंग्रजी बालवाचकाला त्यांत काहीही वावगे वाटणार नाही.

अनुवादिकेने पहिला खर्डा केला. ‘आजी सकाळपासून मधमाशीसारखी व्यग्र होती. टेबलावरचे कापड बर्फासारखे पांढरे होते. आजोबा खांबासारखे बहिरे होते. नातवाचा चेहरा चादरीसारखा पांढरा पडला. आजी मात्र काकडीसारखी थंड राहिली.’ व्याकरणाची चूक एकही नाही. तिने तो सासूबाईंना वाचून दाखविला. सासूबाई पहिल्या वाक्यालाच थांबल्या.

‘‘अगं, ही आजी कामाला लागली आहे, की कुणाला डसायला निघाली आहे?’’

‘‘आई, इंग्रजीत मधमाशी म्हणजे उद्योगी,’’ सून म्हणाली.

‘‘असेल बाई. आणि शेवटी ती काकडीसारखी थंड पडली म्हणतेस, तर तिला काही झालं तर नाही ना?’’

सासूबाईंनी दोनच वाक्यांवर बोट ठेवले. पण पाचही वाक्यांत दोष होते आणि प्रत्येक दोष वेगळ्या जातीचा होता.

प्रथम आजीचे वाक्य. मधमाशी चालणार नाही, असे ठरल्यावर मनात येणारा पहिला मराठी पर्याय म्हणजे घाण्याचा बैल. ‘आजी सकाळपासून घाण्याच्या बैलासारखी राबत होती.’ उपमा अस्सल मराठी आहे, वाक्यही ओघवते आहे. तरीही हा अनुवाद मधमाशीपेक्षा अधिक चुकीचा आहे. मधमाशी निदान विचित्र वाटून वाचकाला सावध करते. घाण्याचा बैल मात्र निमूटपणे अर्थ बदलतो. तो स्वेच्छेने काम करीत नाही, त्याच्या डोळ्यांवर झापडे असतात आणि दिवसभर चालूनही तो जागच्या जागी राहतो. मूळ गोष्टीतील आजी पाहुण्यांच्या येण्याने उत्साहात आहे. मराठीत ती सुनेने वा मुलाने कामाला जुंपलेली दीन म्हातारी झाली, तर नातवाशी असलेले तिचे नाते आणि पुढची गोष्ट यांचाही सूर बदलेल.

दुसरा पर्याय मुंगीचा. मुंगी उद्योगी आहे, हे मराठी मनाला मान्य आहे. पण तिच्या उद्योगात कण कण साठविण्याचा भाव आहे, लगबगीचा नाही. वर्षानुवर्षे पै-पै साठविणाऱ्या माणसाला ती शोभेल; पाहुण्यांच्या तयारीतील आजीला तितकी नाही. राहिला तिसरा पर्याय, भिंगरीचा. ‘पायाला भिंगरी लागणे’ यात गती आहे, घरभर फिरणे आहे आणि तक्रारीचा सूर नाही. भिंगरी हे खेळणे असल्यामुळे थोडी गंमतही आहे. मधमाशी गेली, पण तिच्यातील लगबग आणि कौतुक दोन्ही राहिले.

मात्र ‘बिझी ॲज अ बी’ म्हणजे ‘पायाला भिंगरी’, अशी नोंद वहीत करून ठेवणे धोक्याचे. हाच वाक्प्रचार एखाद्या हिशेबनिसाबद्दल आला आणि तो दिवसभर टेबलाशी बसून आकडे जुळवीत असला, तर भिंगरी त्याला खुर्चीवरून उठवून फिरायला लावील. त्याच्यासाठी ‘मान वर करायला फुरसत नव्हती’ हेच योग्य. शिवणकाम करणाऱ्या स्त्रीसाठी ‘तिच्या हाताला विसावा नव्हता’ अधिक बरे. मराठी भाषा कामाचे वर्णन करताना बहुधा शरीराचा एखादा अवयव धरते: पाय, हात, मान, कंबर. म्हणून अनुवादकाने स्वतःला विचारावयाचा प्रश्न असा: मूळ प्रसंगात त्या माणसाचे काय कामाला लागले आहे? त्याचे उत्तर मिळाले, की वाक्प्रचार आपोआप सुचतो.

आता कापड आणि चेहरा यांची दोन वाक्ये एकत्र पाहू, कारण दोन्हींत शब्द एकच आहे: पांढरा. मराठीत ‘बर्फ’ म्हटले, की प्रथम गारवा आठवतो. महाराष्ट्रात हिमवर्षाव होत नाही; बर्फ दिसतो तो लादीच्या वा चुऱ्याच्या रूपात, आणि तो शुभ्र असण्यापेक्षा थंड असणे महत्त्वाचे. शुभ्रतेसाठी मराठी माणूस दुधाकडे, कापसाकडे, बगळ्याच्या पंखाकडे वळतो. चादरीची अडचण वेगळी. इंग्रजी ‘शीट’ म्हणजे पलंगावर अंथरण्याचे, पूर्वी बहुधा पांढरेच असणारे कापड. मराठी वाचकाच्या मनातील चादर सोलापूरची रंगीत, नक्षीची असण्याचा संभव अधिक. तिच्यासारखा चेहरा पडणे म्हणजे काय, हे त्याला कळणार नाही.

मग कापडाला दूध आणि चेहऱ्याला दुसरे काहीतरी, असे उपमान शोधत बसावे काय? तशी गरज नाही; कारण मराठीत याच कामासाठी एक वेगळी सोय आहे. मराठी विशेषणाला एक शेपूट जोडते: पांढराशुभ्र, काळाकुट्ट, हिरवागार, पिवळाधमक, थंडगार, गोडमिट्ट, नवाकोरा. इंग्रजी ज्या ठिकाणी ‘याच्याइतका, त्याच्याइतका’ म्हणून एक नाम आणते, त्या ठिकाणी मराठी पुष्कळदा हे दोन-तीन अक्षरांचे शेपूट आणते आणि मोकळी होते. काम दोन्हींचे एकच: गुणाची मात्रा वाढविणे.

शिवाय ही शेपटे केवळ ‘फार’ असे सांगत नाहीत. ती गुणाचा प्रकारही सांगतात. पांढराशुभ्र म्हणजे स्वच्छ, प्रसन्न. पांढराफटक म्हणजे रक्त उतरलेला, भ्यालेला किंवा आजारी. इंग्रजीने ‘स्नो’ आणि ‘शीट’ या दोन नामांनी जो भेद केला, तोच मराठीने ‘शुभ्र’ आणि ‘फटक’ यांनी केला आहे. कापड पांढरेशुभ्र आणि चेहरा पांढराफटक. दोन्ही वाक्ये सुटली आणि बर्फही नको, चादरही नको. उलट केल्यास काय होते, हे पाहण्यासारखे आहे. ‘टेबलावर पांढरेफटक कापड होते’ म्हटले, की घरावर अवकळा पसरते; ‘नातवाचा चेहरा पांढराशुभ्र पडला’ म्हटले, की हसू येते.

लाल आणि काळा या रंगांतही हीच दक्षता हवी. पोपटाची चोच लालचुटुक, रागाने फुललेला चेहरा लालबुंद, डोळ्यांत भरणारा भडक रंग लालभडक. केस आणि डोळे काळेभोर असतात व ते सौंदर्य आहे. काळाकुट्ट असतो तो अंधार. डोमकावळ्याच्या पंखासारखे काळे केस, असे वर्णन इंग्रजी कादंबरीत नायिकेच्या कौतुकासाठी येते. मराठीत कावळा ठेवला, तर ते कौतुक राहणार नाही. ‘काळेभोर केस’ म्हटले, की काम होते. हिरव्याच्या बाबतीत मात्र एक सापळा आहे. ‘ॲज ग्रीन ॲज ग्रास’ हे शेताबद्दल असेल, तर हिरवेगार. पण नोकरीवर नुकत्याच लागलेल्या तरुणाबद्दल असेल, तर त्याचा अर्थ ‘अगदी नवखा’ असा आहे. तेथे रंग मुळीच नाही.

आजोबांचे वाक्य याच वाटेने सुटते. खांब मराठीत बहिरेपणासाठी प्रसिद्ध नाही; ‘खांबासारखा उभा राहिला’ म्हणजे हललाच नाही, मदतीला आला नाही. बहिरेपणाची मात्रा वाढविणारा मराठी शब्द ‘ठार’. ठार बहिरा, ठार वेडा. हा शब्द मृत्यूच्या अर्थाचा असूनही येथे त्याची जरब उरलेली नाही, आणि म्हणूनच तो ‘पोस्ट’ची बरोबरी करतो, कारण इंग्रजीतही खांब आता कोणाला दिसत नाही.

आजीच्या दुसऱ्या वाक्याला मात्र शेपटाचा उपयोग नाही. ‘ॲज कूल ॲज अ क्युकंबर’ ही उपमा जॉन गे या कवीच्या 1732 च्या एका गीतात आढळते आणि आज तिचा अर्थ ‘संकटातही न डगमगणारा’ असा आहे. ‘थंडगार’ हा मराठी शब्द पाण्याला आणि वाऱ्याला लागतो. माणूस थंडगार पडला, तर वैद्याला बोलवावे लागते. ‘थंड’ माणूस म्हणजे निरुत्साही. ‘ढिम्म’ म्हटले, तर आजीला कशाचीच फिकीर नाही, असा दोष लागतो. भर म्हणून ‘काकडणे’ म्हणजे थंडीने कुडकुडणे. त्यामुळे काकडी आणि थंडी एकत्र आल्या, की वाचकाच्या कानात तो शब्दही वाजतो. येथे उपमा सोडून द्यावी आणि जे प्रत्यक्ष दिसते ते सांगावे: ‘आजीच्या कपाळावर आठीसुद्धा उमटली नाही.’ पुन्हा एकदा मराठी शरीराकडे वळली.

पाचही वाक्ये आता अशी होतात:

‘पाहुणे यायचे म्हणून आजीच्या पायाला सकाळपासून भिंगरी लागली होती. टेबलावर पांढरेशुभ्र कापड अंथरलेले होते. आजोबा ठार बहिरे. दारावरची घंटा त्यांना ऐकू आलीच नाही. केक करपल्याचा वास आला, तेव्हा नातवाचा चेहरा पांढराफटक पडला. आजीच्या कपाळावर मात्र आठीसुद्धा उमटली नाही. वरचा भाग खरवडून काढू, ती म्हणाली.’

मूळ उताऱ्यात पाच उपमा होत्या. येथे ‘सारखा’ हा शब्द एकदाही आला नाही. तरीही आजी लगबगीची आहे, घर स्वच्छ आहे, नातू घाबरला आहे आणि आजी खंबीर आहे. माणसे बदलली नाहीत. केक मात्र केकच राहिला आणि टेबलही राहिले. उपमा मराठी करताना घरही मराठी करून टाकण्याचा मोह होतो. केकची पुरणपोळी केली, की ती आजी इंग्लंडमध्ये राहत नाही. आणि पुढच्या पानावर गिरजाघराची घंटा वाजली, की वाचक गोंधळतो. वस्तू मूळच्या राहाव्यात. बदलायची ती त्यांच्याविषयी बोलण्याची रीत.

याचा अर्थ प्रत्येक इंग्रजी उपमा मोडीत काढावी, असा नाही. काही वेळा लेखक त्या झिजलेल्या नाण्यावरील छाप मुद्दाम घासून उजळतो. चार्ल्स डिकन्सच्या 1843 च्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ची सुरुवात याचे ठळक उदाहरण आहे. मार्ली हा इसम ‘ॲज डेड ॲज अ डोअर-नेल’ होता, असे सांगून निवेदक लगेच शंका काढतो, की दाराच्या खिळ्यात एवढे मेलेले ते काय असते? आपल्याला तर शवपेटीचा खिळा अधिक मृत वाटला असता. पण पूर्वजांच्या शहाणपणाला हात लावणे बरे नव्हे. येथे ‘मार्ली ठार मेला होता’ एवढेच लिहिले, तर पुढचा सारा विनोद निराधार होतो, कारण ज्या खिळ्यावर तो टांगायचा, तोच अनुवादकाने उपटून टाकलेला असतो. अशा ठिकाणी ‘दाराच्या खिळ्याइतका मेलेला’ असे अपरिचित रूप ठेवावेच लागते. ते विचित्र वाटते. पण निवेदकही त्याला विचित्रच म्हणत असल्यामुळे वाचक त्याच्या बाजूने उभा राहतो.

ठेवावी की सोडावी, याची परीक्षा सोपी आहे. उपमा काढून तिच्या जागी मनातल्या मनात ‘फार’ हा शब्द घालून वाक्य वाचावे. काही हरवले नाही, तर ती केवळ मात्रा होती. मराठी शेपूट किंवा वाक्प्रचार पुरेसा. छटा हरवली, पण अर्थ राहिला, तर ती छटा स्तुतीची की निंदेची, हे पाहून मराठी उपमान शोधावे. पुढचे वाक्यच लंगडे झाले, तर मूळ उपमानाला हात लावू नये.

दुसऱ्या पायरीवर चूक अधिक होते, कारण तेथे उपमानाची पत दोन भाषांत उलटी असू शकते. ‘ॲज वाइज ॲज ॲन आउल’मधील घुबड ग्रीकांच्या अथीना देवतेचा पक्षी असल्यामुळे शहाणे ठरले, मराठीत कोणाला घुबड म्हणणे ही शिवी आहे. उलट दिशेने, संस्कृत आणि जुन्या मराठी काव्यातील गजगामिनी इंग्रजीत हत्तीसह नेली, तर त्या सुंदरीचा अपमान होईल.

आणि कधी कधी मराठीकडे मुळात उपमाच नसते, पण तिच्याहून सरस असे काही असते. एकसारख्या दिसणाऱ्या दोघांना इंग्रजी माणूस एका शेंगेतील दोन वाटाणे म्हणतो. वाटाण्याच्या शेंगा मराठी घरातही सोलल्या जातात, त्यामुळे वाटाणे ठेवले तरी वाचकाला अर्थ कळेल. पण जुळ्या बहिणींना पाहून मराठी घरातील वडीलधारी बाई वाटाण्यांचे नाव घेत नाही. ‘एकीला झाकावी नि दुसरीला काढावी,’ एवढेच ती म्हणते.